पाकाच्या अवस्था आणि स्फटिकांवरचा ताबा: कन्फेक्शनरीच्या पेपरातले प्रश्न मुळापासून

‘फॉन्डंट करताना पाक 115 अंश सेल्सियसला उतरवून 40 अंशांपर्यंत न हलवता थंड का करतात? कारणे द्या.’ हॉटेल मॅनेजमेंट असो, आयटीआयचा बेकर अँड कन्फेक्शनर ट्रेड असो की अन्नतंत्रज्ञानाची पदवी, हा प्रश्न या ना त्या रूपात समोर येतो. आणि बहुतेक उत्तरं एकाच वाक्यावर थांबतात: ‘कारण 115 अंश ही सॉफ्ट बॉल अवस्था आहे.’ हे अवस्थेचं नाव झालं, कारण नाही. परीक्षकाला हवं असतं ते असं, की 115 अंशांना पाकात पाणी किती उरलेलं असतं, तेवढ्या पाण्यात थंड झाल्यावर साखर किती मावते आणि उरलेल्या साखरेचे स्फटिक बारीक व्हायचे की जाड, हे कशावर ठरतं.

हा एक प्रश्न शेवटपर्यंत सोडवला तर लॉलीपॉप, टॉफी, फज, नारळाची वडी यांच्यावरचे प्रश्न त्यातूनच सुटत जातात. म्हणून इथे फॉन्डंटच धरून पुढे जाऊ.

तापमान म्हणजे उरलेल्या पाण्याचं माप

नुसतं पाणी 100 अंशांना उकळतं. त्यात साखर विरघळली की उत्कलनबिंदू वर सरकतो, आणि साखरेचं प्रमाण जितकं जास्त तितका तो अधिक वर. पाक उकळत राहिला की पाणी वाफ होऊन जातं, साखर मागे राहते, तिचं प्रमाण वाढतं आणि तापमान चढतं. म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा पाकात किती टक्के साखर झाली हेच सांगत असतो. अवस्थांचा तक्ता पाठ करताना तिसरा रकाना सोडून दिला जातो, खरा अर्थ मात्र त्यातच आहे.

| अवस्था | तापमान (अंश से.) | साखर (सुमारे टक्के) | थंड पाण्यातली खूण | कशासाठी |
|---|---|---|---|---|
| थ्रेड | 106–112 | 80 | गोळी होत नाही, चमच्यावरून तार ओघळते | सिरप |
| सॉफ्ट बॉल | 112–116 | 85 | मऊ गोळी, बाहेर काढली की चपटी होते | फॉन्डंट, फज |
| फर्म बॉल | 118–120 | 87 | गोळी आकार धरते, दाबली की दबते | मऊ कॅरमल |
| हार्ड बॉल | 121–130 | 90–92 | घट्ट गोळी, जोर लावून दाबावी लागते | नूगा, मार्शमॅलो |
| सॉफ्ट क्रॅक | 132–143 | 95 | ताणले जाणारे, वाकणारे धागे | टॉफी |
| हार्ड क्रॅक | 146–154 | 98–99 | कट्‌कन तुटणारे धागे | लॉलीपॉप, ड्रॉप्स, ब्रिटल |
| कॅरमल | 160 च्या वर | पाणी जवळपास नाही | सोनेरी ते तपकिरी रंग | कॅरमल कस्टर्ड, प्रॅलिन |

पुस्तकागणिक हे आकडे दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे होतात. परीक्षेत तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातले लिहा, पण एकाच उत्तरात दोन पुस्तकांची सरमिसळ करू नका. फर्म बॉलचा आकडा एका पुस्तकातला आणि हार्ड बॉलचा दुसऱ्यातला घेतला की अवस्था एकमेकींवर चढतात आणि तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

आता एक किलो साखर धरून पाण्याचा हिशेब करू. 60 टक्के साखरेचा पाक साधारण 103 अंशांना उकळतो. त्यात 1000 ग्रॅम साखरेसोबत 667 ग्रॅम पाणी असतं. 80 टक्क्यांना, म्हणजे 112 अंशांच्या आसपास, पाणी 250 ग्रॅम उरतं. म्हणजे नऊ अंश चढण्यासाठी 417 ग्रॅम पाणी उडवावं लागलं. पुढे 85 टक्क्यांना 176 ग्रॅम आणि 90 टक्क्यांना 111 ग्रॅम पाणी उरतं. 115 वरून 121 अंशांवर जाताना, म्हणजे सहा अंशांत, फक्त 65 ग्रॅम पाणी गेलं.

‘शेवटी आच मंद का करतात?’ या लघुप्रश्नाचं उत्तर याच आकड्यांत आहे. सुरुवातीला पाक बराच वेळ एकाच तापमानाशी रेंगाळतो, मग 110 च्या पुढे झपाट्याने चढतो. कारण प्रत्येक अंशामागे उडवायचं पाणी कमी कमी होत जातं. आच मोठी राहिली तर सॉफ्ट बॉलवरून हार्ड बॉलवर जायला फार वेळ लागत नाही.

याच हिशेबात आणखी एक प्रश्न दडलेला आहे: ‘एक किलो साखरेला 300 मिलीऐवजी 500 मिली पाणी घेतल्यास फॉन्डंट मऊ होईल का?’ होणार नाही. 115 अंशांना दोन्ही पाकांत 176 ग्रॅमच पाणी उरेल. पहिल्यातून 124 ग्रॅम उडेल, दुसऱ्यातून 324 ग्रॅम. फरक वेळेचा पडेल, आणि पाकात आम्ल असेल तर त्या जादा वेळाने एक वेगळीच गोष्ट होईल. तिच्याकडे पुढे येतोच.

थंड पाण्याची चाचणी आणि थर्मामीटर

प्रात्यक्षिकात चाचणी घेताना पातेलं आचेवरून खाली उतरवा. पाक वाटीत टाकून गोळी वळेपर्यंत अर्धं मिनिट सहज जातं, आणि तेवढ्यात आचेवरचा पाक पुढच्या अवस्थेत पोचलेला असतो. पाणी खरोखर थंड हवं आणि दर चाचणीला बदलायला हवं. कोमट पाण्यात फर्म बॉलची गोळीही सॉफ्ट बॉलसारखी लागते.

थर्मामीटरचा फुगा पाकात पूर्ण बुडालेला, पण तळाला न टेकलेला असावा. वापरण्याआधी तो उकळत्या पाण्यात धरून आकडा पाहायचा. तो 98 दाखवत असेल तर तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यातून 2 वजा करायचे. या एका कृतीत थर्मामीटरची चूक आणि गावाची उंची दोन्हींची दुरुस्ती होते. समुद्रसपाटीपासून वर जाताना पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दर 300 मीटरला एक अंशाने उतरतो. मुंबईत हा मुद्दा सोडून दिला तरी चालतं. पुणं सुमारे 560 मीटरवर आहे, तिथे जवळपास 2 अंशांचा फरक पडतो. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटरवर, तिथे साडेचार अंशांचा. म्हणजे महाबळेश्वरात फॉन्डंटचा पाक 110–111 अंशांना उतरवावा लागेल. ‘पाक 115 पर्यंत नेला, तरी फॉन्डंट कडक का झालं?’ असा प्रश्न डोंगरावरच्या गावाचं नाव घालून आला, तर तो पाककृतीचा नसून उंचीचा असतो.

176 ग्रॅम पाण्यात किती साखर मावते

आता मूळ प्रश्नाचा गाभा. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना सुमारे 204 ग्रॅम साखर विरघळते, 40 अंशांना सुमारे 238 ग्रॅम आणि 100 अंशांना 487 ग्रॅम. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे.

115 अंशांना उतरवलेल्या आपल्या पाकात 1000 ग्रॅम साखर आणि 176 ग्रॅम पाणी आहे. (हिशेब सोपा राहावा म्हणून ग्लुकोज तूर्त बाजूला ठेवलं आहे.) तो 40 अंशांपर्यंत न हलवता थंड केला. त्या तापमानाला 176 ग्रॅम पाण्यात 419 ग्रॅम साखर विरघळून राहू शकते. प्रत्यक्षात आहे 1000 ग्रॅम. म्हणजे 581 ग्रॅम साखर हक्क नसताना द्रावणात बसली आहे. याला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. 1000 भागिले 419, म्हणजे सुमारे 2.4 पट अतिसंपृक्तता. साखरेला बाहेर पडायचं असतं, पण स्फटिकाची सुरुवात व्हायला एक केंद्रक लागतं: न विरघळलेला साखरेचा कण, धूळ, किंवा नुसता चमच्याचा धक्का. शिवाय थंड पाक इतका दाट असतो की रेणूंना हलून एकत्र यायला अवघड जातं. म्हणून हात न लावता ठेवलेला पाक बराच वेळ काचेसारखा पारदर्शक राहतो.

40 अंशांना तो घोटायला घेतला की एकाच वेळी असंख्य केंद्रकं तयार होतात. तीच 581 ग्रॅम साखर त्या सगळ्यांत वाटली जाते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते आणि स्फटिक बारीक राहतात. हाच पाक 80–90 अंशांना घोटला तर अतिसंपृक्तता कमी असते, केंद्रकं मोजकी होतात, आणि पाक पातळ असल्यामुळे साखर भराभर त्यांच्याकडे जाऊन त्यांना वाढवते. स्फटिक जाड होतात. साधारण 20 मायक्रॉनपर्यंतचे स्फटिक जिभेला कळत नाहीत, फॉन्डंट लोण्यासारखं लागतं. 30 च्या पुढे गेले की रवाळपणा जाणवू लागतो.

मग अजून खाली, 20 अंशांपर्यंत का थंड करत नाहीत? अतिसंपृक्तता तिथे आणखी जास्त असते. पण पाक इतका घट्ट होतो की लाकडी पॅलेट फिरत नाही आणि सगळीकडे सारखं घोटता येत नाही. 38 ते 43 अंश ही मधली जागा आहे. उत्तरात हे एक वाक्य लिहा, कारण ‘जितकं थंड तितकं चांगलं’ असं लिहून थांबणारेही पुष्कळ असतात.

फॉन्डंट तयार होऊन 20 अंशांना आलं की 176 ग्रॅम पाण्यात 359 ग्रॅम साखर द्रावणात उरते आणि 641 ग्रॅम स्फटिकरूपात असते. एकूण 1176 ग्रॅममध्ये स्फटिकांचा वाटा 54–55 टक्के होतो. पाक 80 टक्क्यांनाच उतरवला असता तर पाणी 250 ग्रॅम राहिलं असतं, त्यात 510 ग्रॅम साखर विरघळून राहिली असती आणि स्फटिक भरले असते फक्त 39 टक्के. ते फॉन्डंट ओघळेल. 90 टक्क्यांना उतरवला तर हाच वाटा 70 टक्क्यांच्या आसपास जातो आणि ठोकळा मळता येत नाही. 115 हा आकडा आला तो इथून. घन आणि द्रव जवळजवळ निम्मे-निम्मे राहतील एवढंच पाणी त्या तापमानाला उरतं.

कृती, प्रत्येक पायरीच्या कारणासह

प्रमाण: साखर 1 किलो, पाणी 300 मिली, लिक्विड ग्लुकोज 150 ग्रॅम.

1. साखर आणि पाणी जाड बुडाच्या स्वच्छ पातेल्यात घेऊन मंद आचेवर हलवत विरघळवा. 300 मिली पाण्यात सामान्य तापमानाला जेमतेम 600 ग्रॅम साखर मावते, म्हणून गरम करणं भाग आहे. उकळी फुटण्याआधी शेवटचा कणही विरघळला पाहिजे, कारण मागे राहिलेला प्रत्येक कण पुढे केंद्रक होतो.

2. उकळी आली की वरचा मळ काढा, ग्लुकोज घाला आणि यानंतर ढवळणं पूर्ण थांबवा. पातेल्याच्या कडेला उडालेले थेंब सुकून त्यांचे स्फटिक होतात. ओल्या ब्रशने ते धुऊन खाली उतरवा, किंवा दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, म्हणजे वाफच कडा धुऊन काढते. झाकण शेवटपर्यंत ठेवू नका, पाणी उडणार कसं?

3. 115 अंशांना पातेलं उतरवून त्याचं बूड क्षणभर थंड पाण्यात टेकवा. जाड पातेल्यात साठलेली उष्णता पाक आणखी दोन-तीन अंश चढवू शकते.

4. पाणी शिंपडलेल्या संगमरवरी ओट्यावर पाक ओता. पातेलं खरवडू नका, तळाशी चिकटलेल्या पाकात स्फटिक असण्याची शक्यता सर्वात जास्त. वरूनही थोडं पाणी शिंपडा, म्हणजे पृष्ठभाग सुकून साय धरत नाही.

5. हाताच्या मागच्या बाजूला जेमतेम कोमट लागेल, म्हणजे सुमारे 40 अंशांना, पॅलेटने कडेकडून मध्ये घेत घोटा. आधी पाक धुरकट होतो, मग पांढरा, मग अचानक घट्ट. मध्ये थांबू नका. थांबलात तर उरलेली साखर नवे स्फटिक न करता आधीच्याच स्फटिकांवर बसते आणि ते वाढतात. घोटताना पाक किंचित गरमही होतो, कारण स्फटिक बनताना उष्णता बाहेर पडते. तोंडी परीक्षेत हे विचारलं की विद्यार्थी हमखास ‘घर्षणामुळे’ म्हणतात.

6. भुगा होऊ लागला की ओल्या हाताने मळून गोळा करा, ओल्या कापडाखाली किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर मुरू द्या. मुरताना अगदी बारीक स्फटिक विरघळतात, द्रव भाग सगळीकडे सारखा पसरतो आणि फॉन्डंट मऊ होतं.

वापरताना ते डबल बॉयलरवर 38–40 अंशांपर्यंतच गरम करायचं. त्याहून वर गेलं की बारीक स्फटिक विरघळतात, थंड होताना मोठे होऊन परततात, आणि एक्लेअरवरची चकाकी जाऊन मंद पांढरा थर राहतो. फार घट्ट वाटलं तर आच वाढवण्याऐवजी थोडं सिरप घालावं.

‘डॉक्टर’ काय करतो

पाकात घातलेल्या लिक्विड ग्लुकोज, क्रीम ऑफ टार्टर, लिंबाचा रस किंवा मध यांना धंद्यात डॉक्टर म्हणतात. घरी गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात तेही याच कामासाठी. मात्र हे सगळे एकाच मार्गाने काम करत नाहीत आणि प्रश्न नेमका तिथेच विचारला जातो.

आम्ल उष्णतेत सुक्रोज फोडतं आणि ग्लुकोज व फ्रुक्टोजचं सारखं मिश्रण तयार होतं. यालाच इन्व्हर्ट शुगर म्हणतात.

C12H22O11 + H2O → C6H12O6 + C6H12O6

342 ग्रॅम सुक्रोज आणि 18 ग्रॅम पाण्यातून 360 ग्रॅम इन्व्हर्ट शुगर मिळते. म्हणून 100 ग्रॅम साखरेतून सुमारे 105.3 ग्रॅम. गणितात 5 ग्रॅम वाढले कुठून असं वाटतं, ते पाण्याचे. आपल्या एक किलोपैकी 5 टक्के साखर फुटली तर 52.6 ग्रॅम इन्व्हर्ट शुगर होईल. सुक्रोजचे रेणू स्फटिकात रांगेने बसतात. ग्लुकोज-फ्रुक्टोजचा आकार त्या रांगेत बसत नाही, ते मध्ये येतात आणि स्फटिकाची वाढ मंदावते.

लिक्विड ग्लुकोज काहीही फोडत नाही. त्यात ग्लुकोज तयार असतंच, शिवाय स्टार्चच्या लांब साखळ्यांचे तुकडे असतात. ते पाक चिकट करून रेणूंची हालचाल अडवतात. म्हणून त्याचा परिणाम मोजून मिळतो, 150 ग्रॅम घातलं तर 150 ग्रॅमचा. क्रीम ऑफ टार्टरचं तसं नाही. किलोला एक-दोन ग्रॅमच घालतात, पण किती साखर फुटेल हे उकळण्याच्या वेळेवर ठरतं. मघाचं 500 मिली पाणी इथे आठवा: जास्त पाणी, जास्त वेळ उकळणं, जास्त इन्व्हर्ट शुगर, आणि फॉन्डंट घोटून घोटून हात दुखले तरी जमत नाही. पाणी जड असेल तर उलट होतं. त्यातले क्षार आम्लाचा काही भाग मारतात आणि त्याच प्रमाणात घातलेलं क्रीम ऑफ टार्टर कमी पडतं. माझ्या मते वर्गातल्या प्रात्यक्षिकाला लिक्विड ग्लुकोजच बरं. आम्लाने फॉन्डंट छान होतं, पण दोन बॅच सारख्या होतील याची खात्री नसते.

फजमधलं लोणी, पेढ्यातल्या खव्याची प्रथिनं आणि स्निग्धांश हेही स्फटिकांना अडवतात, पण रासायनिक रीतीने नव्हे. ते स्फटिकांभोवती आड येतात. उत्तरात ‘अडथळा आणणारे घटक’ या शीर्षकाखाली हे लिहा आणि आम्लाला वेगळं काढा.

पाच गुणांचं उत्तर असं दिसतं

वरचं सगळं परीक्षेत लिहायला वेळ नसतो. सुरुवातीच्या प्रश्नाला मी पूर्ण गुण देईन ते उत्तर साधारण असं असेल:

‘115 अंश से. ला पाकात सुमारे 85 टक्के साखर असते. 1 किलो साखरेमागे 176 ग्रॅम पाणी उरते. 40 अंशांना एवढ्या पाण्यात सुमारे 419 ग्रॅम साखरच विरघळू शकते, म्हणून पाक अतिसंपृक्त होतो. थंड होताना तो हलवल्यास उष्ण व पातळ पाकात थोडी केंद्रके तयार होऊन त्यांची वाढ होते व फॉन्डंट रवाळ होते. न हलवता 40 अंशांपर्यंत आणल्यास अतिसंपृक्तता व दाटपणा वाढतो. त्यानंतर सतत घोटल्याने असंख्य केंद्रके एकाच वेळी तयार होतात व स्फटिक सूक्ष्म राहतात. याहून थंड केल्यास पाक घोटण्यास अशक्य इतका घट्ट होतो.’

सहा-सात वाक्यं. सॉफ्ट बॉल हे नाव नसलं तरी चालेल, घातलं तर उत्तम.

स्फटिक मुळीच नको असतील तेव्हा

लॉलीपॉप किंवा ड्रॉप्समध्ये प्रश्न उलटा होतो. पाक 150 अंशांच्या आसपास नेला की पाणी एक-दोन टक्केच उरतं. अतिसंपृक्तता प्रचंड, पण पाक थंड होताना इतक्या वेगाने घट्ट होतो की रेणूंना रांगा लावायला सवडच मिळत नाही. ते अस्ताव्यस्त अवस्थेत गोठतात आणि काच तयार होते. ‘अस्फटिक’ हा शब्द उत्तरात आलाच पाहिजे.

इथे डॉक्टरचं प्रमाण मोठं लागतं. फॉन्डंटला साखरेच्या 15 टक्के ग्लुकोज पुरलं, इथे कोरड्या घटकांत 30 ते 40 टक्के सहज असतं. कमी पडलं तर गोळ्या काही दिवसांनी बाहेरून पांढऱ्या, भुसभुशीत होतात, याला ग्रेनिंग म्हणतात. जास्त झालं, किंवा आम्लामुळे इन्व्हर्ट शुगर वाढली, तर गोळ्या चिकट होतात, कारण फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणात पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या गोळ्या काही तासांत चिकटतात. सायट्रिक आम्ल चवीसाठी घालायचं ते पाक उतरवून थोडा थंड झाल्यावर, उकळत असताना नाही, याचंही कारण हेच.

चिकटणं आणि ग्रेनिंग हे एकाच साखळीचे दुवेही असू शकतात. गोळी आधी ओलावा शोषते, पृष्ठभाग मऊ होतो, रेणूंना हालचाल करता येते आणि मग तिथे स्फटिक धरतात. म्हणून ‘ग्रेनिंग टाळण्याचे उपाय’ लिहिताना हवाबंद वेष्टन विसरू नका.

दोष ओळखा

तोंडी परीक्षेत परीक्षक नमुना पुढे करतो आणि विचारतो, काय चुकलं? अंदाज मारण्याऐवजी स्वतःला दोनच प्रश्न विचारा: पाणी चुकलं की स्फटिक चुकला? फॉन्डंट रवाळ पण नेहमीइतकं मऊ असेल तर पाणी बरोबर आहे. गरम असताना घोटलं, कडा धुतल्या नाहीत किंवा घोटणं मध्येच थांबवलं. रवाळ नाही पण वाहतं आहे, तर पाक लवकर उतरवला किंवा आम्लात फार वेळ उकळला. या दोन्हींत फरक असा करायचा: थोडा भाग पुन्हा पाणी घालून नेमका 115 पर्यंत उकळून घोटून पाहा. आता जमला तर आधी तापमान चुकलं होतं. तरीही जमला नाही तर इन्व्हर्ट शुगर जास्त आहे, आणि ती उकळून जात नाही. त्यात नवी साखर मिसळण्याशिवाय इलाज नाही.

पातेल्यातच सगळा पाक अचानक साखर होऊन बसला तर फेकायची गरज नाही. पाणी घालून सगळे कण विरघळवा आणि पहिल्यापासून उकळा. फक्त आम्ल आधीच घातलेलं असेल तर दुसऱ्यांदा घालू नका.

फसवे प्रश्न

‘कॅरमल टॉफीचा रंग कशामुळे येतो?’ इथे कॅरमल हे नाव फसवतं. दुधाची मऊ कॅरमल 118–120 अंशांनाच उतरवतात, त्या तापमानाला साखर कॅरमल होत नाही. रंग येतो दुधातली प्रथिनं आणि क्षपणकारक शर्करा यांच्यातल्या मेलार्ड अभिक्रियेने. कॅरमल कस्टर्डचा रंग मात्र 160 च्या पुढे साखर स्वतः विघटित होऊन येतो, प्रथिनांची तिथे गरज नाही.

फॅरनहाइटमध्ये दिलेले आकडे: 240 मधून 32 वजा करा, 5 ने गुणा, 9 ने भागा, 115.6 येतात. 300 फॅरनहाइट म्हणजे 148.9. हे दोन तोंडपाठ असले की सॉफ्ट बॉल आणि हार्ड क्रॅक लगेच ओळखता येतात.

देशी पाकाची तुलनाही विचारतात. एकतारी, दोनतारी हे पाक थ्रेडच्या टापूत येतात आणि गोळीबंद पाक सॉफ्ट बॉलच्या. नारळाच्या वडीला गोळीबंद लागतो, चिक्कीला कडक. पण लोणावळ्याच्या चिक्कीसारखी गुळाची चिक्की असेल तर वरचा तक्ता जसाच्या तसा लावू नका. गुळात इन्व्हर्ट शुगर आणि क्षार मुळातच असतात, त्यामुळे तापमान आणि साखरेचं नातं बदलतं आणि रंगही लवकर येतो. तिथे थंड पाण्यात कट्‌कन तुटणारा धागाच जास्त भरवशाचा.

आणि संक्रांतीचा काटेरी हलवा. ‘यात लिंबू का घालत नाहीत?’ असा प्रश्न आला तर उत्तर पूर्णपणे उलट दिशेने लिहायचं. तीळ किंवा खसखस हेच इथे केंद्रक आहे. मंद आचेवरच्या परातीत त्यावर पातळ पाक चमच्याने थोडाथोडा सोडतात, हाताने सतत फिरवतात, आणि पुढचा चमचा आधीचा थर सुकल्यावरच. प्रत्येक वेळी पाणी उडून साखर दाण्यावरच्या आधीच्या स्फटिकांवर बसते आणि काटे वाढतात. लिंबू पिळलं तर साखर फुटेल, थर सुकणार नाहीत, दाणे चिकटून त्यांचा एकच गोळा होईल. घाईने जास्त पाक सोडला तरी हेच होतं: दाणे ओले राहून एकमेकांना धरतात आणि काट्यांऐवजी गुळगुळीत लेप चढतो.